टेंबे भिंतीचं तोंड बंद करतात

अरविंद टेंबे यांच्या घरात नळ गळत नसे. नळाची तेवढी छातीच नव्हती. चामराजपेटेतल्या त्या फ्लॅटमध्ये कुठे 'टप्' असा आवाज झाला रे झाला, की टेंबे भरल्या ताटावरून उठत, आणि परत येईपर्यंत आमटीवर साय धरायची वेळ येई. वीणाताईंनी संसाराच्या सुरुवातीलाच ओळखलं होतं, की या माणसाच्या आयुष्यात आपला नंबर दुसरा आहे. पहिला नंबर गळतीचा.

त्याला कारणही तसंच होतं. टेंबे सांगलीहून बेंगळुरूला आले ते विमानाच्या सरकारी कारखान्यात. विमानाचा पंख बाहेरून चपटा दिसतो, पण आत पोकळ असतो आणि त्या पोकळीतच इंधन भरतात. पंख हीच टाकी. त्या टाकीच्या प्रत्येक सांध्याला आतून लेप लावून ती थेंबबंद करायची, हे टेंब्यांचं काम. अंगानं काडी असल्यामुळे ते जेमतेम माणूस मावेल अशा भोकातून पंखात शिरत आणि पोटावर सरपटत सांधे लिंपत. निम्मी नोकरी त्यांनी आडवी पडून केली. "सरकारी नोकरीत आडवे पडणारे पुष्कळ असतात," वीणाताई पाहुण्यांना सांगत, "पण आडवं पडून काम करणारे आमचेच." नवं लग्न झालं तेव्हा त्यांनी बायकोला जोगचा धबधबा दाखवायला नेलं होतं. सगळे लोक टाळ्या वाजवत होते. टेंबे बराच वेळ गंभीर चेहऱ्यानं पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "केवढी ही गळती!"

असा माणूस निवृत्त झाला आणि बायकोच्या खोलीतल्या भिंतीच्या वाट्याला आला.

ही खोली म्हणजे वीणाताईंचं राज्य. त्यांची थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी पार मारतहळ्ळीच्या आयटीवाल्या पोरांपर्यंत पोचत होती. फ्लॅटमध्ये भाजायची सोय नव्हती. वरच्या मजल्यावरच्यांना धने भाजल्याच्या वासानं शिंका येत आणि खालच्यांना भूक लागे, आणि दोघेही सोसायटीकडे तक्रार करत. म्हणून दोन गल्ल्या सोडून नागनाथअण्णांच्या जुन्या घराची कडेची खोली त्यांनी घेतली होती. जाड विटांची, चुन्यात बांधलेली, उन्हाळ्यात माठासारखी गार. तिथे त्या भाजत, कुटत, जोरात गात, आणि कुणीही त्यांना 'चहा टाकतेस का गं?' असं विचारत नसे. ही खोली गेली असती तर भाजणी थांबली असती, आणि भाजणीपेक्षाही गाणं थांबलं असतं.

नागनाथअण्णा हे बेंगळुरूच्या जुन्या मराठी घरातले. त्यांचं मराठी ऐकलं की वाटे, वाक्य पुण्याहून निघालं आहे पण तुमकूरला उतरणार आहे. माणूस अतिशय प्रेमळ. वाईट सवय एकच, उघडा डबा दिसला की त्यात बोट घालायचं. "स्वल्प रुची बघतो हां अक्का," असं म्हणेपर्यंत बोट तोंडात गेलेलं असे. आणि निकाल मात्र चोख. तिखट किती, मीठ किती, धने कालचे की परवाचे, सगळं ते सांगत. वीणाताई वरवर रागावत, पण त्यांच्या बोटानं पास केल्याशिवाय चटणीचा घाणा बाहेर जात नसे.

तर या खोलीच्या अंगणाकडच्या भिंतीला खाली ओल दिसायला लागली. फार नाही, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. वरच्या कडेला पांढरट रेघ, रांगोळीचं बोट फिरवल्यासारखी.

टेंब्यांनी ती पाहिली आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदा त्यांच्या गालावर रंग चढला.

"ओल? माझ्या बायकोच्या खोलीत?" असं म्हणून ते गेले आणि वॉटरप्रूफ रंगाचा डबा घेऊन आले. डब्यावर एक भिंत छत्री घेऊन हसत उभी होती. टेंब्यांनी सांधे पुसावेत तशी भिंत पुसली आणि पंख रंगवावा तसा एक गुळगुळीत हात मारला. भिंत चकचकीत झाली. काही महिने त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्याला ती बघायला लावली. मग रंगाला फोड आले आणि पांढरी रेघ कमरेपाशी दिसू लागली.

"रंग पातळ पडला," टेंबे म्हणाले. त्यांनी सगळं खरवडून सिमेंटचा गिलावा केला आणि त्यावर दोन हात दिले. रेघ वीणाताईंच्या खांद्याला आली. मग त्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या मित्राकडून असा जाड, चिकट लेप मिळवला, की तो लावल्यावर भिंत काचेच्या बरणीसारखी दिसू लागली. त्या वेळी मारतहळ्ळीहून लेक शमिकाचा फोन आला होता. "आई, बाबा भिंतीला लेप लावतात की तिची ममी करतात?"

भिंत वर्षभर गप्प राहिली. मग एका सकाळी वीणाताई परातीत मेतकूट गार करायला ठेवून वळल्या, तोच मागे 'फट्' झालं. लेपाचा ताटाएवढा पोपडा विटेची साल घेऊन सुटला आणि थेट परातीत पडला. मागून पिठीसारखी पांढरी भुकटी भुरभुरत राहिली. सगळं मेतकूट कचऱ्यात गेलं.

नेमके त्याच वेळी नागनाथअण्णा बोट घेऊन दारात उभे होते. त्यांनी परात पाहिली, भिंत पाहिली आणि पहिल्यांदाच बोट खिशात घातलं.

"अक्का, हे सरी नाही, बरं नाही," ते हळू म्हणाले. "आज पोपडा पडला, उद्या भिंत अंगावर पडली तर? मी कुणाला तोंड दाखवू?"

ते आपल्या ओळखीच्या एका बिल्डरला घेऊन आले. त्याच्याकडे दोन सुयांचं एक यंत्र होतं. सुया भिंतीला टोचल्या की ते किंचाळे. खाली किंचाळलं, मध्ये किंचाळलं, वरही थोडं किंचाळलं. बिल्डर म्हणाला, "पाया गेला. पाडा आणि पार्किंग करा." अण्णांनी जड मनानं सांगितलं, की दसरा होऊ दे, मग खोली उतरवू. "तुम्हाला दुसरी जागा मी शोधून देतो अक्का. पण इथे तुम्हाला बसू देणार नाही मी."

दसरा काही लांब नव्हता. वीणाताई घरी आल्या, जेवल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी खोलीवर गेल्या तर टेंबे आधीच तिथे हजर. हातात चौथा डबा. आधीच्यापेक्षा मोठा.

"हा परदेशी आहे," ते उत्साहानं म्हणाले. "पाण्याच्या बापाला..."

"खाली ठेवा."

"अगं, पण याची पकड..."

"अहो, खाली ठेवा तो! मला एक सांगा. तुम्ही एवढी वर्षं विमानात आडवे पडत होतात. टाकी गळायला लागली की बाहेरून लिंपत होतात का?"

टेंब्यांना अपमान सोसवेना. "बाहेरून? बाहेरून लिंपणाऱ्याला आम्ही पंखाजवळ उभं करत नसू! इंधन ज्या बाजूला असतं त्या बाजूनं बंद करायचं असतं. हा पहिला धडा. बाहेरून थापलंस तर गळती थांबत नाही, ती आतल्या आत सरकते आणि दुसरीकडून..."

वाक्य तिथेच थांबलं. टेंब्यांनी भिंतीकडे पाहिलं. गुडघा, कंबर, खांदा. मग डब्याकडे पाहिलं. डब्यावरची भिंत छत्री घेऊन अजून हसत होती.

"दुसरीकडून बाहेर येते," वीणाताईंनी वाक्य पुरं केलं. "हे तुम्ही झोपेतसुद्धा बोलता. माझं पाठ आहे."

इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, 'भिंतीचं वेगळं असतं, तुला कळत नाही.' आपल्या ओळखीतल्या नवरे मंडळींची बैठक डोळ्यांसमोर आणली तर त्यातले बहुतेक सगळे असंच म्हणाले असते. टेंबे खाली बसले. डब्यावरच बसले. मग म्हणाले, "वीणा, तीन वेळा मी चुकीच्या बाजूनं लावलं. पाणी कुठल्या बाजूला आहे हे विचारलंच नाही." आणि पुढच्याच क्षणाला त्यांचे डोळे असे चमकले, की वीणाताईंना पंखात शिरणारा तो जुना काडीसारखा माणूस दिसला. चूक सापडली म्हणून इतका आनंद झालेला माणूस त्यांनी दुसरा पाहिला नव्हता.

मग सुरू झाला तपास. टेंब्यांचं म्हणणं असं, की ओलीला तोंड एक असतं पण घरं चार. पाणी छतातून उतरतं, फुटक्या नळातून झिरपतं, खोलीतल्या वाफेचं भिंतीवर दंव धरतं, नाहीतर जमिनीतून वर चढतं. ज्याचा गुन्हा नाही त्याला आधी सोडून द्यायचं. ते शिडीवर चढले. भिंतीचा वरचा भाग आणि छताचा सांधा ठणठणीत कोरडा होता, म्हणजे पावसाला सोडलं. घरातले सगळे नळ बंद करून ते पाण्याच्या मीटरसमोर उकिडवे बसले. काटा ढिम्म हलला नाही. त्या भिंतीतून नळही जात नव्हता, सांडपाण्याचा पाइप तर घराच्या पलीकडच्या अंगाला. त्यांनाही सोडलं. राहिली वाफ. "तू इथे एवढं भाजतेस, संशय तुझ्यावरही आहे," ते म्हणाले.

"अटक करा," वीणाताई म्हणाल्या.

टेंब्यांनी लेप आणि गिलावा थोडासा उतरवून उघड्या विटेवर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवला. वाफेचं दंव असतं तर थेंब खोलीकडच्या बाजूला धरले असते. दोन दिवसांनी पाहिलं तर थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला. वीणाताई निर्दोष सुटल्या.

पण 'पाणी भिंतीत आहे' म्हणून 'ते जमिनीतून येतं' असं आपोआप ठरत नाही; ते टेंब्यांना पुराव्यानं सिद्ध करायचं होतं. बिल्डरच्या यंत्रावर त्यांचा विश्वास नव्हता. "ते यंत्र पाणी मोजत नाही, वीज किती वाहते ते मोजतं. खारट भिंत कोरडी असली तरी किंचाळेल." म्हणून त्यांनी खालपासून वरपर्यंत, हातहातभर अंतरानं, भिंतीत सावकाश ड्रिल घातलं. सावकाश अशासाठी, की गरम होऊन पाणी उडायला नको. पृष्ठभागाची भुकटी वेगळी, खोलातली वेगळी, आणि प्रत्येक चिमूट ताबडतोब घट्ट झाकणाच्या डबीत. या डब्या कुणाच्या? वीणाताईंच्या. वजनाचा काटा कुणाचा? वीणाताईंचा, हिंग तोलायचा. वाळवायला ओव्हन? नानकटाईचा.

"नानकटाईला विटेचा वास आला ना," वीणाताईंनी बजावलं, "तर तुम्हाला पंखात परत पाठवीन."

वजन करायचं, वाळवायचं, पुन्हा वजन करायचं. जेवढं घटलं तेवढं पाणी. टेंबे आकडे मोठ्यानं वाचत होते आणि वीणाताई, नको नको म्हणत, कधी ऐकायला लागल्या त्यांनाच कळलं नाही. तळाशी सगळ्यात जास्त, वर जावं तसं कमी कमी, आणि पृष्ठभागापेक्षा खोलात ओल अधिक. वाफेनं किंवा पावसानं असा उतार पडत नाही. हे जमिनीतून, जणू जिन्यानं, वर चढलेलं पाणी होतं.

आता अण्णांना पटवायचं होतं. ते काम टेंब्यांच्या आकड्यांनी झालं नाही. अण्णांच्या बोटानं झालं.

झालं असं, की टेंब्यांनी खांद्याजवळच्या पांढऱ्या रेघेवरचा गिलावा आणि वीट खरवडून एका डबीत ठेवली होती. लालसर, बारीक, थेट चटणीसारखी. अण्णा आले, डबी उघडी दिसली, आणि दोन आठवडे खिशात कोंडलेलं बोट एकदम स्वतंत्र झालं.

"अण्णा, नको!" वीणाताई ओरडल्या.

बोट तोंडात गेलं होतं. अण्णांनी डोळे मिटले, जीभ टाळूला लावली, आणि सवयीप्रमाणे निकाल दिला. "उप्पु जास्ती! अक्का, मीठ फार पडलंय. आणि शेंगदाणे... शेंगदाणे कुठे गेले?"

"ती तुमची भिंत आहे," वीणाताई म्हणाल्या.

अण्णा अंगणात धावले. चूळ भरण्याचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. परत आले तेव्हा टेंबे आनंदानं जवळजवळ नाचत होते. त्यांनी अण्णांचा हात धरला, तोच, दोषी बोटवाला. "अण्णा, परत एकदा सांगा. खारट?"

"खारट! पण भिंतीत मीठ कुणी घातलं, सार?"

"जमिनीनं! पावसाच्या पाण्यात मीठ नसतं. जमिनीतलं पाणी क्षार घेऊन वर चढतं. पाणी भिंतीच्या तोंडातून उडून जातं, क्षार मागे राहतो. जिथे पाणी उडतं तिथे रेघ." मग ते जरा भानावर आले. "अर्थात जीभ म्हणजे नुसता इशारा. पुरावा काट्याचा. पण इशारा काय दिलात अण्णा! प्रयोगशाळेत बसायला हवं होतं तुम्ही."

अण्णांना चूळ भरल्याचं दुःख राहिलं नाही.

"पण मग रंगानं काय बिघडवलं?" त्यांनी विचारलं.

टेंब्यांनी अण्णांच्या जुन्या पंच्याच्या दोन पट्ट्या फाडल्या. दोन्ही दोरीवर टांगल्या, दोन्हींची टोकं एकाच बादलीत. एकीला प्लास्टिक घट्ट गुंडाळलं, वरचं टोक तेवढं उघडं. ऊन, वारा, आणि मध्ये दोन वेळचा चहा. संध्याकाळी अण्णांनी हात लावून पाहिलं. उघडी पट्टी वीतभर वर ओली आणि पुढे कोरडी. गुंडाळलेली पट्टी त्याच्याही बरीच वर भिजलेली.

"उघडी पट्टी पाणी पिते आणि वाऱ्याला देऊन टाकते," टेंबे म्हणाले. "घेणं आणि देणं बरोबरीला आलं की ओल तिथेच थांबते. दुसरीचं देणं मी बंद केलं. घेणं चालूच. मग पाणी काय करणार? वर चढत जाणार, वाट मिळेपर्यंत. अण्णा, भिंत गुडघ्यापाशी श्वास घेत होती. मी तिचं तोंड बांधलं, ती कमरेपाशी घ्यायला लागली. तिथे बांधलं, खांद्यापाशी. आणि क्षार माझ्या लेपाच्या मागे साठून फुगले, त्यांनी विटेची साल काढली. पाया गेलेला नाही. भिंत आजारी होती थोडी. औषधानं जास्त झाली. आणि डॉक्टर मी होतो."

हे शेवटचं वाक्य त्यांनी अंगणात उभं राहून, शेजारची दोन माणसं ऐकत असताना, खणखणीत आवाजात सांगितलं. वीणाताई दारात होत्या. त्यांना उगाचच पदर सारखा करावासा वाटला.

"पण सार, घर माझ्या आजोबांच्या काळचं. पाणी आत्ताच का चढलं?"

यावर टेंब्यांनी उत्तर न देता विचारलं, "लहानपणी या भिंतीच्या कट्ट्यावर बसत होतात का?"

"हो तर! पाय लोंबकळायचे. खाली तीन पायऱ्या होत्या."

दोघांनी खाली पाहिलं. पायरी एकच होती. कट्टा अंगणाच्या बरोबरीला आला होता. बाहेरचा रस्ता दर डांबरीकरणाला थर चढवत उंच झाला, पावसाचं पाणी आत येऊ लागलं, म्हणून अण्णांनीच अंगणात भराव घालून सिमेंट केलं. स्कूटर लावायला छान, उतार मात्र भिंतीकडे. त्याखाली ग्रॅनाइटचं जोतं गाडलं गेलं. "दगड पाणी फारसं पीत नाही," टेंबे म्हणाले. "सांध्यांतून येईल तेवढं भिंत सुकवत होती. आता मातीच थेट विटेला टेकली."

अण्णा डोक्याला हात लावून म्हणाले, "म्हणजे अर्धा डॉक्टर मी."

दसऱ्यानंतर खोली पाडायची होती, त्याऐवजी दसऱ्याआधी अंगण फोडलं. निपाणीकडचा कृष्णात गवंडी बोलावला. त्यानं पायाला धक्का लागू नये म्हणून थोडं थोडं करत भिंतीलगतची माती जोत्याखाली उतरवली, उतार रस्त्याकडच्या गटाराला दिला. करड्या दगडांची रांग वर आली तेव्हा अण्णांनी वाकून पायऱ्या मोजल्या. पुन्हा तीन.

लेप मात्र टेंब्यांनी कुणाला काढू दिला नाही. "माझा आहे," ते म्हणाले. डोक्याला रुमाल, नाकाला फडकं, हातात खरवडायची पाती. स्वतःच्या हाताची ती देखणी कारागिरी त्यांनी बोटबोट करत उतरवली, त्याखालचं सिमेंटही, पांढऱ्या रेघेच्या हातभर वरपर्यंत. क्षार कोरड्या ब्रशनं झाडला. वीणाताई ओलं फडकं घेऊन आल्या तर ओरडले, "पाणी नको! विरघळून परत आत जाईल!" नोकरीत त्यांनी लावलेला लेप कधी निघाला नव्हता. हा त्यांनी स्वतः काढला, आणि गुणगुणत काढला. वीणाताईंचंच गाणं, सूर सोडून.

भिंत उघडी झाली तेव्हा भयंकर दिसत होती. खाज सुटलेल्या म्हशीसारखी. अण्णा घाबरून म्हणाले, "आता लगेच गिलावा?"

"आता वाट," टेंबे म्हणाले. "एवढ्या जाड भिंतीला वाळायला महिने लागतात. मग चुन्याचा गिलावा, चुन्याची सफेदी. दोन्हीतून भिंतीला श्वास घेता येतो. तोवर वीणाची मांडणी खोलीच्या मध्ये."

"आणि मी पाडायचं म्हणालो ते?"

"ते तुम्हीच ठरवायचं, अण्णा."

अण्णांनी भिंतीवर तळहात ठेवला, जिथे पोपडा पडला होता तिथेच. मग वीणाताईंना म्हणाले, "अक्का, या दसऱ्याला चटणी जरा जास्त करा. पाहुणे येतील, खोली बघायला."

आयुधपूजेला बेंगळुरूत बस, रिक्षा, लेथ, लॅपटॉप सगळ्यांना कुंकू लागतं. वीणाताईंनी काट्याला आणि खलबत्त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग त्यांच्या शेजारी एक बोथट झालेली खरवडायची पाती ठेवली. टेंब्यांनी फक्त फूल जरा सरळ केलं.

पुढचा उन्हाळा आला तेव्हा ओलीची कडा खांद्यावरून पार पोटरीच्या खाली उतरली होती. तो चौथा, परदेशी डबा अजून न उघडलेला आहे. टेंबे त्यावर बसून भिंतीकडे बघतात. ओळखीतलं कुणी ओल आली म्हणून रंग विचारायला आलं, की त्याला शेजारी बसवून विचारतात, "आधी सांगा, पाणी कुठल्या बाजूला आहे?" पाहुणा चहा पिऊन घरी निघतो, आणि त्याच्या मागोमाग ड्रिल घेऊन टेंबे.

संध्याकाळी ऊन कललं की आतून भाजणीचा वास येतो, वीणाताईंचा आवाज येतो, आणि नागनाथअण्णा हातात चटणीची बशी घेऊन, पुन्हा उंच झालेल्या जुन्या कट्ट्यावर येऊन बसतात. पाय जमिनीला पोचत नाहीत. ते हलवत बसतात.